रजेच्या अर्जात आजाराचं नाव

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी अशी चारच स्थानकं घेते. सकाळच्या पाळीला निघालेली माणसं एकाच डब्यात बसतात, एकमेकांची गावं, घरं, सोयरिकी ओळखतात. खालापूरच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि पाताळगंगा एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाचा सुपरवायझर पुष्कळदा शेजारच्या गावचाच असतो, आणि हजेरी लिहिणारा कारकून भावकीतला. कोण काल रात्री पिऊन पडला होता, हे अशा ठिकाणी लपत नाही. तरीही हाच माणूस दारू सोडण्यासाठी दवाखान्यात दाखल व्हायचं ठरवतो तेव्हा त्याला ते कुणालाही कळू द्यायचं नसतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल. दारू गावाला दिसते आणि लोक तिला सवय म्हणून खपवतात. उपचार घेतले की त्याच गोष्टीला आजाराचं नाव लागतं, ते कागदावर येतं, आणि पुढे पुन्हा पाय घसरला तर 'तिकडे जाऊन आला तरी सुटली नाही' हे आयुष्यभर ऐकावं लागतं. त्याला भीती असते ती या कागदाची.

म्हणून व्यवस्थापकाला लिहायचं रजेचं पत्र या माणसाच्या हातून होत नाही. तो चारपैकी एक वाट धरतो. न सांगता निघून जातो, 'गावी वडील आजारी आहेत' असं खोटं कारण देतो, मित्राच्या ओळखीने काविळीचं प्रमाणपत्र मिळवतो, नाहीतर सगळं मन मोकळं करून तीन पानी पत्र लिहितो. या चारही वाटा त्याला अडचणीत आणतात. त्याचं कारण कामगारांच्या शिस्तीच्या नियमांतच सापडतं.

कारखान्यांतले स्थायी आदेश ज्या आदर्श नमुन्यावरून उतरले, त्यात गैरवर्तनाची यादी आहे. कामाच्या वेळेत कारखान्यात दारूच्या नशेत असणं हे त्या यादीत आहे. रजा न घेता सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहणंही आहे. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन पटेल असं कारण दिलं नाही, तर नोकरीवरचा हक्कच जातो. दारूच्या आजारावर उपचार घेणं मात्र त्या यादीत कुठेही नाही. दारू पिऊन बुडवलेला दिवस आणि दारूवरच्या उपचारासाठी घेतलेला दिवस, नियमांच्या लेखी हे दोन वेगळे दिवस आहेत. अमेरिकेत १९९३ साली आलेल्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्यात हाच फरक धरला आहे: तज्ज्ञांकडून उपचार घेण्यासाठीची गैरहजेरी त्या रजेत बसते, नशेमुळे झालेली गैरहजेरी बसत नाही. आपल्याकडे तो फरक दाखवणारा कागद एकच, तो म्हणजे आधी दिलेला अर्ज. न सांगता पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस प्रामाणिकपणे राहून आलेला कामगार आणि पस्तीस दिवस गुत्त्यावर पडून राहिलेला कामगार, दोघांची हजेरी-वहीतली ओळ सारखीच दिसते.

खोट्या कारणाने हा प्रश्न सुटत नाही, उलट नवा उभा राहतो. वडील आजारी म्हणून रजा घेतली आणि ते बाजारात दिसले, की खोटी माहिती देऊन रजा घेतल्याचा आरोप येतो आणि तो टिकतोही. काविळीच्या प्रमाणपत्राने डॉक्टरही अडकतो. दुसऱ्या टोकाला ते तीन पानी पत्र. किती वर्षं पितो, कामावर कधी कधी पिऊन आलो, बायकोला काय केलं, सगळं त्यात असतं. लिहिणाऱ्याला हलकं वाटतं, पण ते पत्र फाइलमध्ये राहतं. दोन वर्षांनी व्यवस्थापक बदलतो, चौकशी लागते, आणि 'अमुक दिवशी पिऊन आलो होतो' ही त्याच्याच सहीची कबुली टेबलावर येते. शिवाय महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय पिणं आजही कागदोपत्री गुन्हाच आहे. असा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून देण्याची गरज रजेच्या अर्जाला नसते.

मग अर्जाला काय लागतं? कारण लागतं, निदान लागत नाही. 'डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णालयात दाखल होऊन उपचार' हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. दारूचं अवलंबित्व हा आजार आहे ही आता मताची बाब राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. त्याच कायद्याचं तेविसावं कलम उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घालतं. इथे एक मर्यादा ओळखून ठेवावी. हे बंधन डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांच्यावर आहे. ते कारखान्याच्या व्यवस्थापकावर आपोआप येत नाही. कायदा डॉक्टरचं तोंड बंद ठेवतो. साहेबांनी तोंड बंद ठेवावं ही विनंती मात्र पत्रातच, लेखी करावी लागते.

सगळं नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हे एका माणसाचं नाही, या पट्ट्यात अनेकांच्या बाबतीत जुळेल असं रचलेलं आहे. चाळिशीतला क्रेनचालक, कायम नोकरी, चोवीस हजार पगार, घर कर्जत तालुक्यात. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही. कुणी अजून पकडलेलं नाही. बायकोच्या आग्रहाने तो मानसोपचारतज्ज्ञाला भेटला आणि त्यांनी दाखल व्हायला सांगितलं.

पहिला प्रश्न दिवसांचा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण लोकांना वाटतं की दारू अंगातून उतरली की झालं. ते काम आठवडा-दहा दिवसांचं असतं. त्यात झटके येऊ नयेत म्हणून औषधं आणि थायमिन देतात. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला पाठबळ दिलं. तिथला निवासी उपचार पाच आठवड्यांचा आहे. आपल्या क्रेनचालकाने दहा दिवसांची रजा मागितली, तर अकराव्या दिवशी त्याला एकतर उपचार अर्धवट सोडावा लागेल, नाहीतर केंद्रातून फोनवर रजा वाढवावी लागेल, आणि त्या एका फोनने त्याने झाकलेलं सगळं उघडं पडेल. म्हणून पस्तीस दिवस उपचाराचे, दोन जाण्यायेण्याचे, पाच घरी सावरायचे, असे बेचाळीस दिवस त्याने एकदमच मागावेत. त्याच्या खात्यावर अठरा दिवस अर्जित रजा आणि सात दिवस आजारपणाची रजा आहे. उरलेले सतरा दिवस बिनपगारी. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सुमारे पंधरा हजार सातशे रुपये बुडतील. हा आकडा बायकोसमोर बसून आधी काढावा. पैशाच्या धक्क्याने चौथ्या आठवड्यात घरी परतलेली माणसं कमी नाहीत.

आता पत्र. ते असं असावं:

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,

विषय: वैद्यकीय उपचारांसाठी रजा मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात क्रेनचालक म्हणून काम करतो. डॉक्टरांनी मला रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याचा सल्ला दिला आहे. त्यासाठी मला दि. ६ जुलै ते १६ ऑगस्ट अशी ४२ दिवसांची रजा हवी आहे. माझ्या खात्यावरील अर्जित रजा १८ दिवस व आजारपणाची रजा ७ दिवस प्रथम धरावी आणि उरलेले १७ दिवस बिनपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती.

आजाराची माहिती खासगी ठेवू इच्छितो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मी बंद पाकिटात कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देत आहे. रजेची गरज व कालावधी यांबाबत आपण त्यांच्याकडून खात्री करून घ्यावी. हा अर्ज आपण व रजेची नोंद ठेवणारे यांच्यापुरताच ठेवावा आणि विभागात 'वैद्यकीय रजा' एवढेच कळवावे, अशी नम्र विनंती आहे.

उपचार वाढवावे लागल्यास रजा संपण्यापूर्वी लेखी कळवीन. रुजू होताना कामासाठी योग्य असल्याचे प्रमाणपत्र सादर करीन. काही काळ एखादे काम टाळण्यास डॉक्टरांनी सांगितले असल्यास त्याचा उल्लेख त्यात असेल. या काळात निरोप असल्यास माझ्या पत्नीच्या क्रमांकावर द्यावा.

अर्जाच्या प्रतीवर पोच मिळावी.

आपला विश्वासू,

या पत्रातलं मुख्य कलम पाकिटाचं आहे. एकाच कागदाला दोन वाचक असतात आणि दोघांना वेगवेगळी माहिती लागते, हे लक्षात घेतलं की गुप्ततेचा अर्धा गुंता सुटतो. व्यवस्थापकाला माणूस किती दिवस नाही, त्याच्या जागी कोण आणि परत येईल का, एवढंच हवं असतं. निदान कळण्याचं कारण फक्त डॉक्टरला आहे. जिथे कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी नाही, तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून 'वैद्यकीय उपचारांसाठी इतके दिवस दाखल राहणे आवश्यक' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र मागावं. निदान न लिहिता असं प्रमाणपत्र देता येतं. रुग्णाने ते आधी सांगायला हवं, लिहून झाल्यावर नाही.

गळती बहुतेक वेळा पत्रातून होतच नाही. ती प्रमाणपत्राच्या माथ्यावरून होते. 'व्यसनमुक्ती केंद्र' असं मोठ्या अक्षरात छापलेल्या कागदावर आत कितीही सावध मजकूर असला तरी उपयोग काय? दाखल करण्याची शिफारस मानसोपचारतज्ज्ञाने केली असेल तर त्यांच्या वैयक्तिक नावाच्या कागदावर प्रमाणपत्र घेणं बरं. डिस्चार्ज कार्ड कार्यालयात कधीच देऊ नये. त्यात निदान, औषधं, पिण्याचा इतिहास, सगळंच असतं, आणि ते रजेसाठी लागत नाही.

दुसरी गळती विम्याची. कंपनीच्या मेडिक्लेममधून खर्च काढावा असं वाटणं साहजिक आहे. पण ते कागद अनेक ठिकाणी मनुष्यबळ विभागातूनच पुढे जातात. आणि विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाण वगळ-कलमांत बाराव्या क्रमांकाचं कलम दारू व अन्य व्यसनांवरच्या उपचारांचंच आहे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखाच विमा मिळावा असं २०१७ चा कायदा सांगतो, आणि पॉलिसीत मात्र हे कलम उभं असतं. हा विरोध मिटायला हवा असं मला ठामपणे वाटतं. तो मिटेपर्यंत पॉलिसीतलं ते कलम वाचल्याशिवाय दावा टाकू नये. दावा नामंजूर होतो आणि निदान मात्र कार्यालयात पोचलेलं असतं.

एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांची वाट वेगळी आणि माझ्या मते जास्त सुरक्षित आहे. ईएसआयमध्ये वर्गणीची अट पूर्ण असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या सत्तर टक्क्यांनी आजारपणाचा लाभ मिळतो. त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र ईएसआयच्या कार्यालयासाठी असतं. कारखान्याला कळवायचं ते गैरहजेरीपुरतं. इथे चूक होते ती क्रमाची. आधी खासगी केंद्रात दाखल व्हायचं आणि बाहेर आल्यावर ईएसआयकडे जायचं, असं केलं की दिवस सिद्ध करताना दमछाक होते. दाखल होण्याआधीच ईएसआयच्या डॉक्टरला दाखवावं. कंत्राटी कामगाराला तर हीच एक आडोशाची जागा आहे. त्याची अर्जित रजा बहुतेक वेळा कागदावरच असते, आणि पत्र लिहायचं ते कारखान्याच्या साहेबांना नव्हे तर ठेकेदाराला. ठेकेदार गुप्तता पाळेल याची खात्री नसेल तर 'दाखल व्हायचं आहे, ईएसआयचं प्रमाणपत्र देतो' या दोन ओळी पुरतात. वीटभट्टीवर किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या कातकरी, ठाकर माणसाला तर अर्ज द्यायला कुणी साहेबच नसतो. या लेखातली जवळपास कोणतीच गोष्ट त्याला लागू पडत नाही, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

साहेबांनी अर्ज वाचून समोरच विचारलं, 'अरे, नेमकं झालंय काय तुला?' तर? विचारण्यात काळजीही असते. उत्तर आधी तयार ठेवावं, कारण ऐनवेळी माणूस एकतर थाप मारतो किंवा ढसाढसा रडून सगळं सांगतो. 'साहेब, जुना त्रास आहे, आता दाखल होऊनच बरा होणार आहे. तपशील डॉक्टरांकडे दिलाय. परत येईन तेव्हा नीट काम करीन,' एवढं पुरे. यातला एकही शब्द खोटा नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगावं.

पण व्यवस्थापकाला आधीच माहीत असेल तर हे सगळं बदलतं. कामावर वास आला, मेमो मिळाला, खुलासा मागितला आहे, अशा वेळी 'खासगी आजार' म्हणणं टाळाटाळ वाटते आणि नोकरी वाचवण्याची संधी जाते. मेमोचं उत्तर आणि रजेचा अर्ज तेव्हा वेगवेगळे ठेवावेत. मेमोच्या उत्तरात मेमोत जेवढं विचारलंय तेवढंच, युनियनच्या किंवा वकिलाच्या सल्ल्याने लिहावं. उपचाराची इच्छा मात्र कल्याण अधिकाऱ्यामार्फत, समक्ष भेटून, एकाच जबाबदार माणसाला स्पष्ट सांगावी आणि कारवाई उपचार होईपर्यंत थांबवण्याची विनंती करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या दारू-अमली पदार्थांच्या प्रश्नावर आचारसंहिता काढली. त्यात दारूचा प्रश्न इतर आरोग्य प्रश्नांसारखाच धरावा, माहिती गुप्त ठेवावी, आणि शिक्षेआधी उपचाराची संधी द्यावी, अशी दिशा आहे. ती बंधनकारक नाही, पण चांगला कल्याण अधिकारी तिचा आधार घेऊ शकतो.

क्रेनचालकाच्या बाबतीत गुप्ततेला आणखी एक कड आहे, ती लपवून चालणार नाही. खाली माणसं काम करत असतात. उपचारानंतर सुरुवातीचे काही आठवडे गोळ्यांनी गुंगी येऊ शकते, झोप बिघडलेली असते. तेव्हा रुजू होतानाच्या प्रमाणपत्रात 'चार आठवडे क्रेन, उंचीवरचं काम व रात्रपाळी नको' असं स्पष्ट लिहून घ्यावं. निदान झाकता येतं, धोका झाकता येत नाही. त्या चार आठवड्यांत स्टोअरला किंवा जमिनीवरच्या कामाला लावलं म्हणून बोलणारे बोलतील, त्यांना बोलू द्यावं.

आणि एक गोष्ट, जी पत्राच्या तारखेशी जोडलेली आहे आणि जिच्यामुळे जीव जाऊ शकतो. अर्ज देण्याचा दिवस आणि दाखल होण्याचा दिवस यांत दोन-तीन आठवडे जातात. अर्ज दिला की माणसाला निश्चयाचं बळ येतं आणि तो त्याच रात्री दारू बंद करतो. रोज पिणाऱ्याने अशी एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, घाम, ताप, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं. ही स्थिती उपचाराविना प्राणघातक ठरते. झटका क्रेनच्या केबिनमध्ये आला तर काय होईल हे सांगायला नको. मधल्या दिवसांत काय करायचं, किती कमी करायचं, औषध सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं आणि त्या दिवसांत यंत्रावर चढू नये. थरथर वाढली, बरळणं सुरू झालं, तर रजा मंजूर व्हायची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. पत्र बायको नंतर देऊ शकते. बोलायला कुणी नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि टेलि-मानसचा १४४१६. दोन्हीकडे नाव सांगण्याची सक्ती नाही.

परतल्यावर फॉलोअपसाठी महिन्यातून एखाददुसरा दिवस लागतो. त्यासाठी पुन्हा मोठं पत्र नको. 'पूर्वीच्या उपचारांची तपासणी' एवढा विषय पुरतो. शक्य तर तो साप्ताहिक सुट्टीलाच धरावा.

शेवटचं सांगणं व्यवस्थापकांना. असा अर्ज टेबलावर आला की त्यावर 'कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारून तो सुपरवायझरमार्फत खाली पाठवू नका. तुमच्या त्या तीन शब्दांनी अर्ज चार हातांतून जाईल, आणि संध्याकाळच्या लोकलला त्या माणसाच्या गावी पोचेल. शंका असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन करा, तारखा तपासा, सही करा आणि प्रतीवर पोच द्या.